कंदमूळ, बेलचा आणि काळी वर्तुळं: इमोजींना मराठी नावं सुचवताना

माझ्या मामाची दृष्टी साठीनंतर गेली. सांगलीजवळच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस, त्यामुळे रंग-आकार सगळे डोक्यात पक्के आहेत, फक्त आता ते बाहेरून आत येत नाहीत. फोन आणि कॉम्प्युटर तो स्क्रीन रीडरवर चालवतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी पाच-सहा इमोजी एकापाठोपाठ टाकले की यंत्र त्या प्रत्येकाचं नाव वाचत बसतं आणि मामा वैतागतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये मी त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्याने विचारलं, "ही नावं ठेवतं कोण गं? बारसं करताना कोणी मोठ्याने म्हणून बघितलं नव्हतं वाटतं."

मी मुद्रितशोधक आहे. शब्द कोणी ठरवले हा प्रश्न मला कामातच पडतो, म्हणून शोधत गेले. शोधता शोधता इमोजींची मराठी नावं गोळा करण्याच्या त्या वर्षीच्या फेरीत मी स्वतःच नावं सुचवायला बसले. सुरुवातीचे दोन आठवडे मला काहीच कळत नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी माझा घोळ सांगते. प्रत्येक इमोजीला दोन नावं असतात हे मला माहीत नव्हतं. एक नाव युनिकोडमधलं, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणातलं: इंग्रजी, सगळी मोठी अक्षरं, आणि कायमचं. ते एकदा ठरलं की बदलत नाही, चूक असली तरी नाही. याचं गाजलेलं उदाहरण इमोजीचं नसून एका कंसाचं आहे. U+FE18 या चिन्हाच्या नावात BRACKET ऐवजी `BRAKCET` छापलं गेलं आणि ते अजून तसंच आहे. दुरुस्त नाव फक्त पर्यायी म्हणून शेजारी जोडलंय. मुद्रितशोधकाच्या पोटात गोळा यावा असा नियम, पण कारण रास्त आहे: हे नाव प्रोग्रॅमसाठी असतं आणि ते हललं तर जुनं काहीतरी मोडेल.

दुसरं नाव सीएलडीआरचं. ही युनिकोड संघटनेचीच माहितीची कोठी आहे. तारखा कशा लिहायच्या, देशांची नावं काय, चलनाची खूण कुठे यायची, हे सगळं भाषेभाषेनुसार तिथे साठवलेलं असतं. त्यातच प्रत्येक इमोजीचं त्या भाषेतलं छोटं नाव आणि शोधायचे शब्द, म्हणजे कीवर्ड, असतात. हे नाव बदलता येतं, आणि ते इंग्रजीचं भाषांतर असलंच पाहिजे असं नाही. त्या भाषेच्या माणसाला चित्र ओळखू आलं म्हणजे झालं. खुद्द इंग्रजीतही दोन्ही नावं जुळतातच असं नाही. 💃 चं कायमचं नाव नुसतं `DANCER`, तर सीएलडीआरमध्ये ती `woman dancing`. वांग्याच्या 🍆 बाबतीत तर इंग्रजी आपसातच फुटते: कायमचं नाव `AUBERGINE`, अमेरिकी इंग्रजीत `eggplant`, ब्रिटिशांचं परत aubergine. दोन इंग्रजींचं एका वांग्यावर जमत नाही हे कळल्यावर मला जरा धीर आला.

मामाला जे ऐकू येतं ते हे दुसरं नाव. फाइलमध्ये त्या ओळीवर `tts` असा शिक्का असतो, म्हणजे मजकुराचं बोलणं करताना वापरायचं नाव. कीवर्ड कोणी वाचून दाखवत नाही. कीबोर्डच्या शोधखिडकीत शब्द टाकला की योग्य चित्र पुढे यावं, एवढंच त्यांचं काम. नाव ऐकणाऱ्यासाठी आणि कीवर्ड शोधणाऱ्यासाठी. पुढच्या माझ्या बहुतेक चुका ही दोन माणसं एकच समजल्यामुळे झाल्या.

नावं आणि कीवर्ड गोळा होतात ते सर्व्हे टूल नावाच्या संकेतस्थळावर. ते वर्षभर उघडं नसतं. मोठी फेरी साधारण मे ते जुलैच्या सुमारास होते: आधी सुचवण्याचा काळ, मग पडताळणीचा, मग बंद. मी १४ मे रोजी खात्यासाठी विनंती पाठवली. कोणती भाषा, ती तुम्हाला कशी येते, कोणत्या संस्थेतर्फे की एकट्या, एवढंच विचारतात. पैसे लागत नाहीत, पदवी लागत नाही. पण उत्तर लगेच येत नाही. आठवडा गेला तेव्हा मला वाटलं विनंती कुठेतरी हरवली, आणि मी दुसरी पाठवणार होते. पाठवली नाही ते बरं केलं. २७ मे रोजी खातं उघडल्याची मेल आली. (ती स्पॅममध्ये होती. तुम्हीही तिथे बघा.)

पहिल्यांदा आत गेल्यावर काही लिहू देत नाहीत. आधी योगदानाच्या परवान्याच्या करारावर सही करावी लागते. तुम्ही देताय ती माहिती युनिकोडला सगळ्यांसाठी खुली करता येईल, असा त्याचा अर्थ. ती सही स्वतःच्या वतीने करताय की नोकरी देणाऱ्या संस्थेच्या, हेही सांगावं लागतं. मी स्वतंत्र काम करते, त्यामुळे माझं दहा मिनिटांत झालं. नोकरीत असाल तर तुमच्या करारात "फावल्या वेळातलं लेखनही आमचंच" असं काही कलम आहे का, ते आधी वाचा.

मग कळलं की मी 'गेस्ट' आहे. गेस्टच्या मताचं वजन १. मोठ्या कंपन्यांनी नेमलेल्या पडताळणी करणाऱ्या लोकांच्या मताचं वजन त्याच्या कितीतरी पट असतं. मात्र एका कंपनीची दहा माणसं असली तरी ती मतं एकावर एक चढत नाहीत, कंपनीचं मिळून एकच धरलं जातं. रांगेवर टिचकी मारली की उजवीकडच्या चौकटीत कोणत्या पर्यायाला किती वजन पडलंय ते दिसतं. पहिल्या दिवशी ते आकडे बघून मी लॅपटॉप मिटला. आपल्या एका मताने काय होणार? दोन दिवसांनी वेगळा विचार आला: नव्या इमोजींच्या रांगा अजून सगळ्यांसाठीच रिकाम्या आहेत. तिथे पहिलं नाव कोणीतरी टाकणार, आणि बाकीचे आधी जे दिसेल ते वाचणार. ते पहिलं नाव नीट पडलं तर वजनदार माणसांनाही ते उचलावंसं वाटेल.

म्हणून जुन्या हजारो इमोजींच्या वाटेला गेले नाही. त्या वर्षी येऊ घातलेल्या संचात, म्हणजे इमोजी १६.० मध्ये, जेमतेम सात नवी चित्रं आणि एक झेंडा होता. तेवढंच घेतलं. तुम्हीही असंच करा असं मी म्हणेन. सगळ्या भाज्या आणि प्राणी तपासायला बसलात तर तिसऱ्या दिवशी दमाल.

पडद्यावर प्रत्येक इमोजीच्या दोन रांगा दिसतात, एक नावाची आणि एक कीवर्डची. डावीकडे इंग्रजी, मग `Abstain`, मग सध्या पुढे असलेला पर्याय `Winning` खाली, आणि बाकीचे `Others` खाली. नवीन टाकायला अधिकचं चिन्ह. ही चित्रं तेव्हा कोणाच्याच फोनवर आलेली नव्हती, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर रांगेत नुसते चौकोन दिसायचे. चित्र बघायचं ते उजवीकडच्या चौकटीत. पहिल्या संध्याकाळी मी तिकडे न बघता नुसतं इंग्रजी नाव वाचून मराठी लिहीत होते, आणि त्यातली निम्मी नावं दुसऱ्या दिवशी मलाच पुसावी लागली.

🫜 घ्या. इंग्रजी नाव `root vegetable`. मी मुकाट्याने 'मूळभाजी' लिहिलं. व्याकरणाने बरोबर, पण बाजारात कोणी "पाव किलो मूळभाजी द्या" म्हणालेलं ऐकलंय का? चित्र बघितलं तर जांभळट रंगाचा गोल कंद, वर हिरवा पाला. बीट म्हणावं, सलगम म्हणावं? इंग्रजीने नाव मोघम ठेवलंय ते मुद्दाम. इमोजीचा क्रमांक तेवढा एक असतो, चित्र प्रत्येक कंपनी स्वतःचं काढते. एकीचं बीटासारखं दिसेल, दुसरीचं सलगमसारखं. मी मराठीत 'बीट' ठरवलं आणि एखाद्या फोनवर पांढरा-जांभळा सलगम आला तर मामाला यंत्र चुकीचं सांगणार. म्हणजे मराठीतही मोघमच नाव हवं, पण माणसं बोलतात असं. दोन दिवस हे डोक्यात घोळत होतं, आणि मग भांडी घासताना सुचलं, की कंदमूळ! शब्द घरातलाच, वनवासाच्या गोष्टीपासून कानावर असलेला.

२ जूनला मामाला फोन लावला. चित्र तोही बघू शकत नव्हता आणि फोनवर मीही दाखवू शकत नव्हते, त्यामुळे परीक्षा एकदम स्वच्छ होती: मी फक्त नाव म्हणायचं आणि त्याने डोळ्यांपुढे काय येतं ते सांगायचं.

"कंदमूळ," मी म्हटलं.

"जमिनीतून उपटलेलं काहीतरी. वर पाला आहे का?"

"आहे."

"मग ठीक. पण मला रताळं दिसतंय."

🍠 भाजलेलं रताळं हा वेगळा इमोजी आधीच आहे, तेव्हा थोडी धाकधूक होती. तरी 'मूळभाजी' म्हटल्यावर तो नुसता "म्हणजे?" म्हणाला होता. कंदमूळच ठेवलं.

आता कीवर्ड. इथे मोघम राहण्याचं काही कारण नाही. उलट नावात जे टाळलं ते सगळं इथे आणायचं. ज्याला बीट हवंय तो 'बीट' टाइप करणार, आणि त्याला हेच चित्र चालणार आहे. मी लिहिलं: बीट, कंद, भाजी, सलगम, मुळा. सेव्ह झालं, लाल-पिवळं काही दिसलं नाही, मी खूश. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की इथे शब्द स्वल्पविरामाने वेगळे होतच नाहीत. उभी रेघ लागते. माझे पाच शब्द यंत्राच्या लेखी एकच लांबलचक कीवर्ड होता, जो जगात कोणीही टाइप करणार नाही. हे ओळखायची खूण सांगते: शब्द नीट वेगळे झाले असतील तर सेव्ह केल्यावर टूल ते आपणहून अक्षरक्रमाने लावतं. तुम्ही बीट आधी लिहिलं आणि ते कंदाच्या आधीच बसून राहिलं, तर समजा रेघ चुकली. दुरुस्त केल्यावर माझी सूचना फाइलच्या भाषेत अशी झाली:

```xml
<annotation cp="🫜">कंद | बीट | भाजी | मुळा | सलगम</annotation>
<annotation cp="🫜" type="tts">कंदमूळ</annotation>
```

फावड्याने मात्र घरात भांडण लावलं. 🪏 चं इंग्रजी नाव `shovel`. मी बेधडक 'फावडे' लिहिलं, कारण शब्दकोश तेच सांगतो. मामाला ऐकवलं. तो म्हणाला, "पातं कसं बसवलंय?" मी चित्र पुन्हा बघितलं. पातं दांड्याच्या सरळ रेषेत होतं, आणि वर मूठ. "मग ते फावडं नाही. फावड्याचं पातं काटकोनात असतं, आपल्याकडे ओढायचं. तू सांगतेस ते ढकलायचं. आमच्या शाळेच्या बांधकामावर खडी भरायला होतं, त्याला बेलचा म्हणायचे." पुण्यात माझ्या सासूबाई म्हणाल्या की बेलचा हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला नाही, आणि जमिनीत खुपसून माती उचलायच्या कुठल्याही वस्तूला त्या फावडंच म्हणतील. मागल्या गल्लीत खड्डा खणणाऱ्या माणसांना विचारलं तर एक म्हणाला फावडं, दुसरा म्हणाला खोरं, आणि दोघे आपसात वाद घालू लागले.

हे इंग्रजीला सुचणारच नाही असं कोडं आहे, आणि भाषेभाषेची यादी वेगळी का होते याचं मला पटलेलं उत्तरही हेच. मूळ वस्तू एक असली तरी कोणती भाषा कुठे रेघ मारते ते ठरलेलं नसतं. इंग्रजीने ढकलायच्या अवजाराला शब्द दिला. मराठीत ओढायचं अवजार रोजच्या वापरातलं, म्हणून ठसठशीत शब्द त्याला मिळाला, आणि ढकलायच्या अवजाराला कोणी उसना शब्द वापरतं तर कोणी तोच ओढून ताणून लावतं. मी शेवटी नाव 'बेलचा' सुचवलं आणि कीवर्डमध्ये फावडं, फावडे, खोरं, माती, खणणे असं सगळं घातलं. हे नाव टिकेल असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. सासूबाईंसारखी माणसं जास्त आहेत.

फावडं आणि फावडे असे दोन्ही का, तर शोध कसा चालतो त्यामुळे. आपण एकेक अक्षर टाइप करतो तसं त्या अक्षरांनी सुरू होणारे कीवर्ड पुढे येतात. 'फावड' इथवर दोन्ही शब्द जुळतात, पण पुढे अनुस्वार दिला की 'फावडे' गळतं. इंग्रजीवाल्यांना हा त्रास कमी: यादीत eyes असेल तर eye टाइप करणाऱ्यालाही ते सापडतं, कारण अनेकवचनाचा s मागे लागतो आणि सुरुवात तशीच राहते. आपला शब्द आतूनच वळतो. डोळा, डोळे, डोळ्यांखाली. यादीत फक्त 'डोळा' ठेवला आणि कोणी 'डोळे' टाइप केलं, तर शेवटच्या मात्रेला हातातलं चित्र निसटतं. त्यामुळे 'शब्दाचं एकच रूप द्या' हा इंग्रजीला शोभणारा सल्ला मराठीत जसाच्या तसा पाळू नका. जिथे शब्दाचं शेपूट बदलतं तिथे लोक जे रूप खरंच टाइप करतील ती दोन्ही द्या. तिसरं, चौथं नको; यादी फुगली की कुठल्याही शब्दाला वीस चित्रं येतात आणि शोधण्यात अर्थ उरत नाही.

डोळ्यांचा विषय निघाला तो 🫩 मुळे. इंग्रजी नाव `face with bags under eyes`. डोळ्यांखाली पिशव्या? मराठीत आपण काळी वर्तुळं म्हणतो. आधी मला सोपं करायचं होतं, म्हणून 'थकलेला' या शब्दाभोवती एक आटोपशीर नाव टाकलं. ते लगेच लाल झालं. एका भाषेत दोन इमोजींचं नाव अगदी एकच असलेलं चालत नाही, आणि थकव्याच्या कुळात आधीच गर्दी आहे: 😫 दमलेला, 😩 वैतागलेला, 😪 पेंगुळलेला. हे लाल बघून मी पहिल्यांदा चिडले. नंतर पटलं. मामाला दोन चित्रांचं एकच नाव ऐकू आलं असतं तर त्याला फरक कळायला वावच नव्हता. मग 'डोळ्यांखाली काळी वर्तुळे असलेला चेहरा' लिहिलं. लांब आहे. मामाला ऐकवलं तर तो वाक्य संपायच्या आत म्हणाला, "परीक्षेच्या आदल्या रात्रीचं तोंड." तेवढं आटोपशीर नाव मला शेवटपर्यंत सापडलं नाही. 'जागरण' हा शब्द मात्र कीवर्डमध्ये गेला, आणि माझ्या मते त्या यादीतला तोच सगळ्यात उपयोगी.

याच रांगेत मी आणखी एक चूक केली: 'काळी वर्तुळे' हा जोडशब्द एकच कीवर्ड म्हणून टाकला. नियम वाचल्यावर कळलं की शोधणाऱ्याने दोन शब्द टाकले तर यंत्र ते सुटे घेतं आणि प्रत्येक शब्दाने यादी आणखी गाळतं. तेव्हा 'काळी' आणि 'वर्तुळे' सुटे द्यायचे. क्रमाची चिंताही मग उरत नाही.

बाकीचे पटकन सांगते. 🪉 हार्पला शब्दकोश 'वीणा' म्हणतो. मामाला ते ऐकल्यावर कीर्तनात गळ्यात वीणा घेऊन उभा असलेला वारकरी दिसला. म्हणून नाव 'हार्प' आणि वीणा फक्त कीवर्डमध्ये, कारण शोधणाऱ्याला जवळचं चित्र चालतं, ऐकणाऱ्याला चुकीचं चालत नाही. 🫆 ला 'बोटाचा ठसा', आणि कीवर्डमध्ये अंगठा. 🫟 ला माझ्या डोक्यात 'शिंतोडे' होतं. मामा म्हणाला, "कोणावर उडवलेत?" तरी मला तो शब्द आवडतो.

झेंड्याची रांग मला इमोजींच्या पानावर सापडलीच नाही, अर्धा तास शोधला. झेंड्यांची नावं वेगळी लिहायची नसतात. देश-प्रदेशांच्या यादीत जे नाव असतं त्यावरून ती आपोआप तयार होतात. त्या वर्षीचा झेंडा इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीतल्या `Sark` या बेटाचा, म्हणजे देवनागरीत सार्क. दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेलाही आपण सार्कच लिहितो. इंग्रजीत स्पेलिंगने जो फरक राहतो तो आपल्याकडे लिपीतच पुसला जातो. यावर मला काही उपाय सुचला नाही. पडद्यावर बघणाऱ्याला झेंड्यावरून कळेल. मामाला संदर्भावरून ओळखावं लागेल.

जूनच्या उत्तरार्धात पडताळणी सुरू झाली. या काळात नवीन सुचवण्याची सोय जवळजवळ संपते. आहे त्यातून निवडायचं. डॅशबोर्ड उघडला तर माझ्या बऱ्याच ओळींवर `Losing` लिहिलेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एकेक उघडून बघितल्यावर एक गोष्ट दिसली जी आधी माहीत हवी होती. कीवर्डच्या रांगेत एकेका शब्दाला मत नसतं, मत पडतं अख्ख्या संचाला. कोणीतरी माझ्याच शब्दांत एक शब्द बदलून नवा संच टाकला होता, आणि तिसऱ्याने आणखी एक. तिन्ही जवळपास सारखे, आणि मतं तिघांत वाटली गेलेली. माझं एक मत माझ्याच संचावर धरून बसण्यात काही अर्थ नव्हता. तीन ठिकाणी मी माझं सोडून दुसऱ्याला मत दिलं, आणि टूलमध्येच टिपण लिहायची सोय आहे तिथे कारण लिहिलं: "शब्द तेच, वर 'जागरण' घालता आलं तर बरं." आधीच कोणाचा संच असेल तर तोच उचलून त्यात भर घाला आणि बाकीच्यांना कळवा. ही एक गोष्ट मला पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर निम्मा वेळ वाचला असता.

बेलच्याच्या रांगेवर मी दोन ओळींचं टिपण लिहिलं होतं, पातं सरळ आणि पातं काटकोनात याबद्दल. त्यावर उत्तर आलं: "मान्य, पण किती जणांना कळेल?" कोण होतं माहीत नाही. प्रश्न बरोबर होता, आणि माझ्याकडे सासूबाईंशिवाय पुरावा नव्हता, तोही विरुद्ध बाजूचा.

जुलैच्या मध्यावर बघितलं तर टूल फक्त वाचण्यापुरतं उघडत होतं. मी वहीत वेळ लिहून ठेवत होते: सगळं मिळून सुमारे बावीस तास, त्यातले सहा फावड्यावर. खर्च शून्य, मामाशी बोलण्याचे तास धरले नाहीत तर. त्यानंतर नुसती वाट. सप्टेंबरमध्ये युनिकोड १६.० आलं, आणि २४ ऑक्टोबर २०२४ ला सीएलडीआर ४६. याच आवृत्तीत व्हॉट्सॲपकडून आलेले शोधशब्दही मिसळले गेले, त्यामुळे आपण टाकलेला शब्द कोणाच्या यादीतून आला हे नंतर ओळखता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. मराठीची फाइल सगळ्यांसाठी खुली आहे: `unicode-org/cldr` या गिटहब साठ्यात `common/annotations/mr.xml`. मी माझ्या ओळी तिथे शोधल्या. काही माझ्या होत्या, काही नव्हत्या, आणि नसलेल्यांतल्या दोन माझ्यापेक्षा सरस होत्या. कोणत्या ते इथे देत नाही, कारण पुढच्या फेरीत त्या बदलू शकतात, फाइलच बघा.

फाइलमध्ये आलं म्हणजे फोनवर आलं असं मात्र नाही. प्रत्येक कंपनी ही माहिती आपल्या वेळेने उचलते, आणि कीबोर्डवाले तिच्यात आपली भर घालतात. आयफोनवर ही नवी चित्रंच मार्च २०२५ अखेरच्या iOS 18.4 मध्ये आली. शिवाय आपल्यातले बरेच लोक मराठी रोमन अक्षरांत टाइप करतात. 'jagran' टाकणाऱ्याला देवनागरी कीवर्डचा काही उपयोग नाही. रोमन अक्षरांतल्या हिंदीसाठी सीएलडीआरमध्ये `hi_Latn` असा वेगळा विभाग आहे, मराठीसाठी नाही.

मामाच्या कॉम्प्युटरवर तर त्याहून उशीर झाला. एप्रिलमध्ये माझ्या भाचीने ग्रुपवर 🫩 टाकलं तेव्हा त्याचा स्क्रीन रीडर गप्पच राहिला. जुन्या आवृत्तीला हे चिन्ह माहीतच नव्हतं. पावसाळ्यात मी गेले तेव्हा नवी आवृत्ती टाकून दिली, आणि तोच संदेश वर सरकवून पुन्हा वाचायला लावला. या वेळी यंत्र बोललं. मामाने मान तिरकी करून ऐकलं, परत एकदा लावलं.

"हे तुझं का?"

"नाही, दुसऱ्या कोणाचं तरी."

"कळलं पण मला," तो म्हणाला, आणि भाचीला उत्तर बोलून लिहायला लागला: रात्री वेळेवर झोपत जा.